पुढच्या सहा महिन्यांची फाइल

२०२१च्या दिवाळीत माझ्या फोनचा वॉलपेपर म्हणजे एक आलेख होता. डावीकडे खाली सुरू होणारी आणि उजवीकडे वर जाणारी निळी रेघ. ती माझ्या स्ट्रॅटेजीची होती. ऑफिसला जाताना डोंबिवली फास्टमध्ये तो आलेख उघडून मी शेजारच्याला दिसेल असा धरायचो. आता लिहितानाही लाज वाटते.

स्ट्रॅटेजी साधीच होती. निफ्टीची गेल्या ९ दिवसांची सरासरी गेल्या ४५ दिवसांच्या सरासरीच्या वर गेली की फ्युचर्सचा एक लॉट घ्यायचा, खाली आली की विकून मोकळं व्हायचं. प्रश्न इतकाच, की ९ आणि ४५ कुठून आले? तर मीच कॉम्प्युटरला सांगितलं होतं, छोटी सरासरी ५पासून ३०पर्यंत एकेक दिवसाने वाढव, मोठी ४०पासून २००पर्यंत पाच-पाच दिवसांनी. २६ गुणिले ३३, म्हणजे ८५८ जोड्या. त्यातली एप्रिल २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात सगळ्यात जास्त कमावणारी जोडी मी उचलली.

त्या काळात काय झालं होतं ते आठवा. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी ७,६१०वर बंद झाला होता आणि १८ ऑक्टोबर २०२१ला १८,४७७वर. दीड वर्षात जवळपास अडीचपट. अशा चढणीवर ‘घेऊन बसा’ सांगणारा कुठलाही नियम हुशार दिसतो. त्यातून माझ्या जोडीने त्या अख्ख्या काळात सौदे केले होते फक्त आठ. आठ सौद्यांच्या जोरावर मी ८५८ उमेदवारांमधून एक विजेता निवडला होता. इतक्या लोकांना प्रत्येकी आठ वेळा नाणं उडवायला लावलं, तर दोन-चार जणांचे आठही छापे पडतील. त्यांना नाणेफेकीतले तज्ज्ञ म्हणायचं का?

हे तेव्हा सुचलं नाही. नोव्हेंबरमध्ये खरे पैसे लावले. बाजार वर-खाली हेलकावे खात राहिला, सरासऱ्या एकमेकींना कापत राहिल्या, मी वर घेत आणि खाली विकत राहिलो. जून २०२२मध्ये निफ्टी पंधरा हजारांच्या घरात आला तेव्हा माझे ८३ हजार गेले होते.

मला याच काळातली लोकल आठवते. १५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस झालेल्यांना प्रवासाची परवानगी मिळाली. बरीच ऑफिसं बंदच होती. मी चक्क वेळांची नोंद ठेवून ठरवलं होतं, की नऊच्या सुमाराला डोंबिवलीहून ठाण्याला बसून जाता येतं. माझी नोंद खोटी नव्हती. पण पुढच्या वर्षी ऑफिसं उघडली आणि त्याच वेळेला मी दारात एका पायावर उभा होतो. ती नोंद लोकलची नव्हती, त्या तीन महिन्यांची होती.

तरी माझा हिशेब तिथे संपला असता. पण डिसेंबरमध्ये बाबा रिटायर झाले. आयुष्यभर एमआयडीसीतल्या कारखान्यात काढलेल्या माणसाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली आणि त्यांनी मला विचारलं, “तुझं ते कॉम्प्युटरवरचं आता नीट चालतं का रे? थोडे तिकडे टाकू या का?” ८३ हजारांचं त्यांना माहीत नव्हतं. मी म्हणालो, “बाबा, मला दोन आठवडे द्या.”

त्या दोन आठवड्यांत मी पहिल्यांदा वॉक-फॉरवर्ड टेस्ट केली. रॉबर्ट पार्डो यांनी १९९२च्या पुस्तकात ती मांडली होती, म्हणजे मी जन्मायच्या आधी. कल्पना अशी, की ज्या काळावर आकडे निवडले त्या काळावर त्यांची परीक्षा घ्यायची नाही. मी जानेवारी २०१० ते डिसेंबर २०२२ या १३ वर्षांचे सहा-सहा महिन्यांचे २६ तुकडे केले. पहिले चार तुकडे, म्हणजे २०१० आणि २०११, घेऊन ८५८मधली उत्तम जोडी निवडायची. ती जोडी २०१२च्या पहिल्या सहा महिन्यांवर चालवायची आणि जे येईल ते लिहून ठेवायचं. मग सगळं सहा महिने पुढे सरकवायचं, पुन्हा निवड, पुन्हा परीक्षा.

```python
for t in range(4, 26):
    best = pick(half[t-4:t])
    result.append(run(half[t], best))
```

अशा २२ परीक्षा होतात. त्यांचे निकाल एकापुढे एक जोडले की जी रेघ तयार होते, तिच्यातला एकही दिवस निवडीच्या वेळी दिसलेला नसतो. दर सहा महिन्यांनी आकडे नव्याने निवडत राहिलो असतो तर हातात काय पडलं असतं, ते हीच रेघ सांगते.

पहिल्या रात्री रेघ छान आली आणि मी हुरळलो. मग चूक सापडली. आजच्या बंद भावावरून सिग्नल काढून मी आजच्याच बंद भावाला खरेदी करत होतो. एनएसईवर तेव्हा शेअरचा बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीने ठरत होता. तो कळतो तेव्हा बाजार मिटलेला असतो. खरेदी दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीच्या भावाला नेली, ब्रोकरेज, कर आणि भावातली घसरण वजा केली. (२०० दिवसांच्या सरासरीसाठी तुकड्याच्या आधीचा डेटा वापरलेला चालतो. तो त्या दिवशी खरोखर आपल्याकडे असतोच.) रेघ जवळजवळ आडवी झाली.

निवडीच्या काळात वर्षाला सरासरी २१ टक्के दिसत होते, परीक्षेच्या काळात ४. या दोहोंच्या गुणोत्तराला वॉक-फॉरवर्ड एफिशियन्सी म्हणतात. ते निम्म्याच्या आसपास असेल तर स्ट्रॅटेजीत काहीतरी आहे असं ढोबळपणे मानतात. माझं पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी होतं.

पण मला खरं पटलं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. २२ वेळा निवडलेल्या जोड्या एकाखाली एक लिहिल्या. ८-४५, मग २७-१८०, मग ११-६०, पुन्हा २४-१९५. बाजारात खरंच काही टिकाऊ चाल असती तर निवड त्याच परिसरात रेंगाळली असती. माझी ९-४५ तर शेजाऱ्यांमध्येही एकटी होती. २०२०-२१च्या त्याच डेटावर १०-४५ किंवा ९-५० टाकलं तरी नफा निम्म्यावर येत होता. एका दिवसाच्या फरकाने कोसळणारा नफा हा त्या आठ तारखांचा योगायोग होता.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. दोन वर्षांऐवजी तीन वर्षांवर निवड करून पाहिली. मग एका वर्षावर. परीक्षा सहाऐवजी तीन महिन्यांची. पाचव्या प्रयत्नात रेघ पुन्हा वर जायला लागली, आणि मी की-बोर्डवरून हात काढले. परीक्षेचा पेपर पाच वेळा बघून झाला होता. आता मी खिडकीची लांबीच इतिहासाला चिकटवत होतो. वॉक-फॉरवर्ड यापासून वाचवत नाही. ती पहिल्यांदा चालवतो तेव्हाच प्रामाणिक असते. म्हणून त्यानंतरचा, २०२३पासूनचा डेटा मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि एखादी नवी कल्पना लिहून पक्की होईपर्यंत ती फाइल उघडत नाही.

दोन आठवड्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांना दोन्ही रेघा दाखवल्या. आधी वॉलपेपरवाली, मग आडवी. ८३ हजारांचंही सांगितलं. ते बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने बघत होते.

“ही पहिली तू कधी काढलीस?”

“पैसे लावायच्या आधी.”

“आणि दुसरी?”

“नंतर.”

ते काही बोलले नाहीत. एप्रिल २०२३मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली, व्याज ८.२ टक्के. पोस्टातला फॉर्म मीच भरून दिला. परत येताना रिक्षात त्यांनी विचारलं, “त्या बंद फाइलमध्ये आता किती महिने झाले?”