बावन्न पावलं

पावसाळ्यात जनावरं रात्री डांबरावर येऊन बसतात. शेतात चिखल असतो, माश्या असतात, आणि डांबर लवकर कोरडं होतं, दिवसाची ऊबही धरून ठेवतं. बसलेली गाय सवयीच्या ड्रायव्हरला लांबून कळते. दुभाजकातल्या कण्हेरीआडून अचानक निघालेली गाय कळत नाही. बावीस वर्षं गाडी चालवून मला ती एकदाच अशी भेटली. सोलापूरहून हैदराबादला जाताना नळदुर्ग मागे पडलं होतं, उमरगा यायचं होतं. रात्रीचे तीन वाजून गेले होते. पाऊस नुकताच थांबला होता. गाडीत साखरेची ३२० पोती होती, म्हणजे १६ टन माल. क्लीनर शेजारी झोपला होता.

समोरच्या लेनमधून वाहनं येत होती म्हणून मी डिप्परवर होतो. दुभाजकाच्या फटीतून तांबडी गाय रस्त्यावर आली आणि दिवे पाहून लेनच्या मधोमध थबकली. मी ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग डावीकडे गेलं. गाडीनं साइडपट्टी ओलांडली, चरात उतरली आणि पुढचा अ‍ॅक्सल तुटून तिथंच कलली. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मी खाली उतरेपर्यंत गाय निघून गेली होती.

खरी अडचण इथून सुरू झाली. आमच्या धंद्यात डुलकी लागलेल्या ड्रायव्हरची सगळ्यात जुनी सबब गायच असते. त्यामुळे पहाटे तीनचा अपघात, साक्षीदार नाही आणि गाय जागेवर नाही, एवढं ऐकलं की शेठ काय समजायचं ते समजतो. मी घाबरलेलो होतो. फोनवर त्यांना पहिलंच वाक्य सांगितलं, “शेठ, चाळीसच्या स्पीडला होतो.”

काट्याकडे मी पाहिलंच नव्हतं. चाळीस हा आकडा तोंडातून आला, कारण अपघात झाला की ड्रायव्हर चाळीसच म्हणतो. गाडीला शेठनं बसवलेला जीपीएस आहे. त्यात त्या वेळचा वेग ५८ निघाला. चौपदरी, दुभाजक असलेल्या महामार्गावर मालगाडीला ८० पर्यंत मुभा आहे, म्हणजे ५८ मध्ये लपवण्यासारखं काही नव्हतं. पण खोटा आकडा माझ्या नावावर चढला होता.

उजाडल्यावर क्रेन यायला वेळ होता, म्हणून मी मागं चालत गेलो. गाय दिसली तेव्हा माझी केबिन नुकतीच बाणाच्या चकाकत्या पाटीपुढून गेली होती, हे मला पक्कं आठवत होतं. त्या पाटीपासून दुभाजकातल्या फटीपर्यंत मी पावलं मोजली. बावन्न भरली. माझं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास पडतं, म्हणजे अंतर साधारण ४० मीटर झालं. फटीतल्या ओल्या मातीत खुरं उमटली होती, काही रस्त्याकडे येणारी, काही परत जाणारी. बंपरच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या केसांचा पुंजका अडकला होता. गाडी हलवण्याआधी मी या सगळ्याचे आणि चाकांच्या खुणांचे फोटो काढले. क्रेननं गाडी ओढली असती तर चाकांच्या खुणा पुसल्या असत्या, आणि पुढच्या पावसानं खुरंही वाहून गेली असती.

चाकांच्या खुणांचं महत्त्व मला विमा कंपनीच्या सर्व्हेअर साहेबांनी समजावलं. झोपेत गाडी रस्ता सोडते तेव्हा ती हळूहळू, जवळजवळ सरळ रेषेत सरकत जाते आणि साइडपट्टीवर चाकांची लांबच लांब रेघ उमटते. माझ्या गाडीची खूण वळलेली होती. चाकांनी डांबर तिरपं, झटकन सोडलं होतं, आणि चिखलात उजव्या चाकांची खूण डाव्यांपेक्षा खोल होती. जोरात डावीकडे वळलं की वजन उजवीकडे जातं. पोतीसुद्धा उजव्या बाजूच्या फाळक्यावर रेलली होती. गाडी नंतर डावीकडे चरात कलली, तरी खालच्या थरातली पोती तिथंच दाबून बसलेली होती. “ब्रेकचे काळे पट्टे कुठं आहेत?” हे त्यांनी विचारलं. रस्ता ओला होता आणि गाडी २०१७ ची, एबीएस असलेली आहे. चाकं जाम होत नाहीत, म्हणून पट्टे उमटत नाहीत. हे मी सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी माझ्यासमोर कागदावर हिशेब मांडला. ५८ च्या वेगात गाडी सेकंदाला १६ मीटर जाते. गाय दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद धरला तरी ४० पैकी २४ मीटर उरतात. भरलेल्या गाडीला ओल्या रस्त्यावर त्या वेगातून थांबायला ३५-४० मीटर लागतात. ती थांबणं शक्यच नव्हतं. “आता तुमचा चाळीस धरू,” ते म्हणाले. सेकंदाला ११ मीटर, म्हणजे ब्रेक लागेपर्यंत २९ मीटर उरतात, आणि तेवढ्या वेगातून थांबायला १८-२० पुरतात. “चाळीसला असता तर गाडी गायीच्या अलीकडेच उभी राहिली असती. मग ती चरात का गेली, असा प्रश्न मला पडला असता, आणि त्याचं एकच उत्तर आहे, झोप.” मला वाचवेल म्हणून सांगितलेला आकडाच मला झोपलेला ठरवत होता.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जबाबाचा कागद तयार ठेवला होता. “अचानक गाय आडवी आल्याने चालकाने प्रसंगावधान राखून वाहन डावीकडे घेतले.” क्लीनर जागा होता, असंही त्यात होतं. मॅनेजर म्हणाले, “अरे, दोन साक्षी झाल्या की क्लेम अडत नाही. सही कर.” मी सही केली नाही. क्लीनर झोपला होता. सर्व्हेअरनं त्याला गायीचा रंग विचारला असता तर तो काय सांगणार होता? आणि प्रसंगावधान मी राखलं नव्हतं. भरलेली गाडी ओल्या रस्त्यावर वळवायची नाही, सरळ ब्रेक मारायचा, जनावर लागलं तर लागू द्यायचं, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवत आलोय. त्या क्षणी डोक्यानं काही ठरवलं नाही, हात वळले.

माझा जबाब मी स्वतः लिहिला, शेठला आणि विमा कंपनीला एकच मजकूर. दोघांचे प्रश्न वेगळे असतात. कंपनीला नुकसान सांगितल्याप्रमाणेच झालं का, लायसन्स आणि पासिंग चालू आहे का, माल हद्दीत आहे का, हे बघायचं असतं. शेठला मी दोषी आहे का, ते हवं असतं. पण दोन जबाबांत एका शब्दाचा फरक पडला तरी दोन्ही कागद पडतात. मी वेळ, जागा आणि पाटी लिहिली, मग बावन्न पावलं, मग गाय कुठून आली आणि कुठं थबकली. पुढं लिहिलं, “फोनवर मी वेग ४० सांगितला, तो घाबरून. काटा पाहिला नव्हता. जीपीएसप्रमाणे वेग ५८ आहे.” आणि त्याखाली, “गाडी सरळ ठेवून ब्रेक मारला असता तर रेडिएटर, बंपर, दिवे एवढंच नुकसान झालं असतं. मी वळवली.”

हे वाक्य वाचून शेठ बराच वेळ गप्प बसले. “हे कशाला लिहिलंस?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “शेठ, तुम्ही तेच विचारणार होतात.”

क्लेम मंजूर झाला. घसारा आणि पॉलिसीतली ठरलेली वजावट जाऊन बाकीचे पैसे मिळाले. शेठनं महिनाभर अडकवलेला पगार दिला आणि गाडीही पुन्हा माझ्याच हातात दिली.

गाडी चालवणाऱ्या भावांना एवढंच सांगतो. गाडी चरात गेली, हातपाय शाबूत असले, तर शेठला फोन लावण्याआधी पाच मिनिटं जागेवर उभे राहा. काय दिसलं ते मनात पुन्हा लावा, आणि काटा पाहिला नसेल तर आकडा सांगू नका.