महाडचा फोटो



गेली तीन वर्षं 20 मार्चच्या महाडच्या एकाही फोटोत मी नाही. ग्रुपवर कार्यकर्त्यांनी हे विचारलंही. मी दरवेळी सांगितलं की फोटो मीच काढत होतो. ते खोटं नव्हतं. पण मोबाईल हातात घ्यायला मी आधीच पुढे का व्हायचो, याचं उत्तर मी बायकोलाही दिलं नव्हतं. ते आता लिहितो आहे, कारण आपल्या चळवळीतले पुरुष या विषयावर विनोदापलीकडे बोलत नाहीत.

मी किनाऱ्यावरच्या गावातला. आमच्याकडे कबड्डी म्हणजे काय, ते रायगडवाल्यांना सांगायला नको. मी चढाईपटू होतो, वजन 66 किलो. मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं, खेळ सुटला आणि संस्थेची नोकरी लागली. दिवसभर मोटरसायकल, वस्तीवर चहा-भजी, रात्री दहाला जेवण. तीन वर्षांत काटा 84 वर गेला. गावातल्या एका जयंतीच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं, "भाऊ, निधी कुठे गेला ते कळलं!" त्यावर हसण्याच्या चाळीस इमोजी होत्या. एक मीही टाकली.

त्या रात्री मी तो फोटो मोठा करून पोट पाहिलं. मग हनुवटी. मग परत पोट. पुढच्या महिन्यात माझा डीपी बदलून निळा झेंडा झाला.

समाजशास्त्र शिकताना चार्ल्स कूली वाचला होता. 1902 साली त्याने मांडलं की माणूस स्वतःला दुसऱ्याच्या आरशात पाहतो. आपण दुसऱ्याला कसे दिसतो, हे आपण कल्पतो. तो आपल्याबद्दल काय ठरवतो, हेही कल्पतो. आणि त्यावरून स्वतःबद्दल अभिमान किंवा लाज वाटून घेतो. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या कल्पनेच्या आहेत, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आयुष्यात मात्र सोयीस्कर विसरलो.

पण आपल्या लोकांच्या बाबतीत कूलीला एक पुरवणी जोडावी लागते. आपल्याकडे पाहणारी नजर पिढ्यान्‌पिढ्या कल्पनेतली नव्हती, खरीच होती. कपडा, दागिना, चाल यांवरून माणसाची जात ओळखली जायची आणि त्यावरून त्याची जागा ठरायची. म्हणून तर डिसेंबर 1927 मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितलं की लुगडं नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने, ज्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ते बदला, स्वच्छ राहा. नटण्याशी त्याचा संबंध नव्हता. अंगावरची जातीची खूण पुसण्याचा तो कार्यक्रम होता.

माझ्या वडिलांच्या पिढीने हे हाडात मुरवलं. घरात खायला कमी असेल, पण 14 एप्रिलला पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा हवा. फोटोग्राफर आला की वडील आमच्या पाठीवर थाप मारायचे, "छाती पुढे! वाकून उभं राहायचे दिवस गेले." आमच्या घरात फोटो ही हौस नव्हती, फोटो हा पुरावा होता. त्यामुळे माझं पोट शर्टाच्या बटणांवर ताण देऊ लागलं, तेव्हा मला नुसतं जाड झाल्यासारखं वाटलं नाही. मी वडिलांचा पुरावा खराब केला असं वाटलं. ज्या इस्त्रीने आमची मान वर केली, तिचंच ओझं मला झालं. चळवळीला यात दोष देत नाही. पण ताठ उभ्या राहणाऱ्या, पिळदार तरुणांचीच पोस्टरं करताना, आपल्यातल्याच कुणाला आपण फ्रेमबाहेर ढकलतो का, हा प्रश्न मला विचारायचा आहे.

आता घरातलं. माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. मी तिला 'तू' म्हणतो आणि ती मला अजून 'तुम्ही'. समतेवर भाषणं देणाऱ्या माणसाच्या घरातली ही गोष्ट आहे, तीही नोंदवून ठेवतो. मी आधी दिवा बंद केल्याशिवाय शर्ट काढेना. मग बनियन घालून झोपू लागलो. मग कामाचं निमित्त करून ती झोपल्यावर आत जाऊ लागलो. ती जवळ आली की माझं अर्धं मन छताला जाऊन बसायचं आणि तिथून स्वतःला बघायचं: आता पोट कसं दिसत असेल, तिचा हात कुठे लागला. लैंगिक समस्यांवर काम करणाऱ्यांना ही अवस्था ओळखीची आहे. माणूस स्वतःच्याच शरीराचा प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकाला स्पर्श होत नाही. मग काहीच जमत नाही. आणि जमत नाही याचा दोषही पोटावरच टाकला जातो.

तिने यातून काय अर्थ काढला असेल? आठ महिन्यांनी एका रात्री तिने विचारलं, "दुसरी कुणी आहे का? असेल तर सांगा, मी भांडणार नाही."

मी लाज लपवत होतो आणि तिला नकार पोचत होता. मी तेव्हा सगळं सांगितलं, वाईट रीतीने, अडखळत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्याकडं पोरं दर महिन्याला वजनाला येतात. मी तक्त्यावर रंग बघते, आईशी बोलते. पण काट्यावरून उतरल्यावर पोर माझ्या मांडीवरच येऊन बसतं. तुम्ही काट्यावरच बसून राहिलात."

तिच्या आग्रहाने आम्ही सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी मला आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला लावल्या, तब्येत आणि लाज. तब्येतीसाठी डॉक्टरांनी टेप घेऊन कंबर मोजली, 102 सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला 90 च्या वर धोका धरतात, बाईला 80 च्या वर. साखर, रक्तदाब, थायरॉईड तपासलं. जेवणाची वेळ आणि चालणं ठरलं. हे काम आहे आणि ते करायचं आहे. पण त्यासाठी आरशाची साक्ष लागत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. दिसायला दोघेही सडपातळ. मी 66 किलोचा असताना फोटोत छाती काढून उभा राहायचो, तेव्हा आत काय होतं ते फोटोला माहीत नव्हतं.

लाजेसाठी वेगळा उपाय होता. समुपदेशक म्हणाल्या, तुम्ही दोन उलट वाटणाऱ्या गोष्टी करता आहात आणि दोन्ही आजार पोसतात. एक टाळणं: फोटो, आरसा, उजेड, बायको. दुसरी तपासणं: फोटो मोठा करून पोट बघणं, दिवसातून चारदा काट्यावर चढणं, बोटांनी कातडी चिमटीत धरणं. टाळल्याने क्षणभर बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. आणि तपासताना आपण फक्त नावडता तुकडा बघतो, त्यामुळे तो तुकडाच आपण होऊन बसतो.

त्यांनी कागदावर प्रसंग लिहायला लावले आणि प्रत्येकाला भीतीचे शंभरपैकी मार्क द्यायला सांगितले. बायकोसोबत घरात सेल्फी, 30. दिवा चालू ठेवून शर्ट काढणं, 60. महाडचा ग्रुप फोटो, 90. खालून सुरुवात. फोटो काढायचा, पूर्ण बघायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत जे दिसतं ते साध्या शब्दांत बोलायचं: केस काळे, कानाजवळ पांढरे, खांदे रुंद, पोट गोल, शर्ट निळा. 'ढेरी', 'घाण' असले शब्द नाहीत. भीती उतरेपर्यंत नजर हलवायची नाही. पहिल्या सेल्फीला मला वीस मिनिटं लागली, पाचव्याला चार.

मध्ये मी गडबड केली. रोजचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पोट कमी झालं का ते बघू लागलो. म्हणजे उपचाराच्या नावाखाली तपासणंच सुरू झालं. ते ओळखायची खूण सोपी आहे: फोटो बघितल्यावर भीती उतरण्याऐवजी चढते आणि पुन्हा बघावंसं वाटतं. तसं झालं की थांबायचं. आणि कुणी उपाशी राहू लागलं, खाऊन ओकू लागलं किंवा जगणंच नको वाटू लागलं, तर फोटोचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी बोलायचं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

याच काळात एका ज्येष्ठ उपासकांनी सल्ला दिला की बत्तीस कुणपांचं ध्यान कर. केस, नखं, त्वचा, चरबी, सगळं अशुभ आहे हे बघ, म्हणजे शरीराची आसक्ती जाईल. हेतू चांगला होता. पण मला विनयपिटकातला वैशालीचा प्रसंग आठवला. भगवंतांनी अशुभ भावनेची प्रशंसा केली आणि ते पंधरा दिवस एकांतात गेले. इकडे भिक्खूंना स्वतःच्या शरीराची इतकी किळस आली की अनेकांनी जीव दिला. परत आल्यावर संघ विरळ का झाला, असं भगवंतांनी आनंदाला विचारलं. कारण कळल्यावर त्यांनी उरलेल्यांना दुसरी वाट दिली, श्वासाकडे लक्ष देण्याची, आनापानसती. ज्याला शरीराचा मोह आहे त्याचं औषध, ज्याला आधीच शरीराची घृणा आहे त्याला देऊ नये. हे अडीच हजार वर्षांपूर्वीच ठेच लागून शिकलेलं आहे. घरी मी त्या उपासकांना चहा पाजला आणि हे सांगितलं. त्यांना पटलं नाही.

यंदाच्या 20 मार्चला चवदार तळ्यावर गर्दीत फोटोची वेळ आली. सवयीने हात मोबाईलकडे गेला. बायकोने तो माझ्या हातातून काढून शेजारच्या पोराला दिला आणि मला ओढून मधल्या रांगेत उभं केलं. मी पोट आत ओढलं. नंतर सोडून दिलं, श्वास घेता येईना म्हणून.

फोटोत मी जाड दिसतो. डोळेही अर्धे मिटलेत. मला तो आवडलेला नाही आणि डीपी अजून झेंडाच आहे. बायकोने मात्र तो अंगणवाडीच्या कपाटाला आतून चिकटवला आहे, वजनाच्या तक्त्याशेजारी.