सांगतेची दक्षिणा

आमच्या जुन्नर-आंबेगावात कार्य कोणतंही असो, लग्न, वास्तुशांत नाहीतर दशक्रिया, सगळ्यात घाई होते ती दक्षिणेच्या वेळी. पंगतीची पानं मांडलेली असतात, पाहुणे घड्याळ बघतात, आणि घरचा कर्ता खिशात हात घालून शेजारच्याला हळूच विचारतो, "किती द्यायचे रं?" चार तास पूजा मन लावून केलेली, आणि शेवटचं काम मात्र असं चोरून केल्यासारखं. गुरुजी 'सांगतेसाठी दक्षिणा' म्हणतात, त्याचा अर्थच कुणी ध्यानात घेत नाही. सांगता म्हणजे सगळ्या अंगांसकट पुरं होणं. दक्षिणा हे त्या कार्याचं शेवटचं अंग. ती दिल्याशिवाय पूजा उठत नाही, असं जुनी माणसं म्हणायची ते यासाठीच.

आमचे आजोबा तीन गोष्टी वेगळ्या ठेवायचे. बलुतं वेगळं, हक्क वेगळा, दक्षिणा वेगळी. गावच्या जोशाला खळ्यावरून सुगीला धान्य जायचं ते बलुतं. तो पंचांग सांगायचा, पेरणीचा, लग्नाचा मुहूर्त काढून द्यायचा, त्याचा तो मोबदला. हक्क म्हणजे जोशाचं वतन. तुम्ही बोलवा नाहीतर नका बोलवू, लग्नाचे पैसे त्याच्या घरी गेलेच पाहिजेत. आणि दक्षिणा म्हणजे आपण होऊन हातावर ठेवलेला सव्वा रुपया.

यातल्या हक्कावरून आमच्याच तालुक्यात मोठं भांडण झालं. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न भटजी न बोलावता सत्यशोधक पद्धतीनं लावलं. गावच्या जोशांनी आमची दक्षिणा बुडाली म्हणून फिर्याद लावली. महात्मा फुले पाटलांच्या पाठीशी उभे राहिले. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकं आणि पूजाविधींचं मराठी पुस्तकच काढलं, म्हणजे कुणब्याला आपलं कार्य आपल्या भाषेत करता यावं. त्या काळच्या कोर्टांचं मत असं होतं, की यजमानानं दुसरा कुणी बोलावला तरी वतनदार जोशाचा हक्क त्याला द्यावा लागेल. मुंबई इलाख्यात १९२६ साली कायदा झाला तेव्हा ते सुटलं. ज्याला बोलावलं नाही त्यानं पैसे मागायचे नाहीत, असं ठरलं.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच. कोर्टातून वसूल करता येते ती फी. दक्षिणा फिर्याद लावून मिळत नाही. सक्ती गेली, तेव्हाच दक्षिणा खरी दक्षिणा झाली.

आता सक्ती गुरुजींची राहिली नाही, ती भावकीची झाली. माझी थोरली बहीण आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठाला दिलेली. तिचे मालक गेले तेव्हा दवाखान्यात होतं नव्हतं ते सगळं गेलेलं, वर सोसायटीचं कर्ज. सातव्या दिवशी भावकी बसली. कुणी म्हणालं, अमक्याच्या दशक्रियेला अकरा हजार दिले, आपण खाली येऊन कसं चालेल? भाचा कुणाकडून तरी हातउसने आणायला निघाला. अक्का तोवर भिंतीला टेकून गप्प होती. ती म्हणाली, "त्यांच्या नावानं उधारी नको. ते आयुष्यभर फेडीत आले. दुधाचे माझे पैसे हायेत, त्यातलं द्या."

मी दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे गेलो. माझं सांगणं आहे, हे काम आधीच करावं, घाटावर करू नये. घाटावर घासाघीस झाली तर गुरुजींचाही मान जातो आणि गेलेल्या माणसाचाही. मी स्पष्टच विचारलं, "गुरुजी, साहित्याचं किती, आणि तुमचं जाण्यायेण्याचं किती?" त्यांनी तीळ, जव, दर्भ, पिंडाचं साहित्य, पत्रावळी अशी यादी काढली. साहित्य आणि पेट्रोल मिळून बाराशे रुपये. दक्षिणेचं विचारल्यावर म्हणाले, "ते तुमच्या बहिणीला विचारा. यथाशक्ती हा शब्द आम्ही नुसता म्हणायला म्हणत नाही."

इथंच बहुतेकांचा हिशोब चुकतो. पाकिटात दोन हजार घालतात आणि दोन हजार दक्षिणा दिली म्हणतात. त्यातले बाराशे दुकानदाराचे आणि पेट्रोलपंपाचे असतात. गुरुजींच्या हातात उरतात आठशे, तेही पहाटेपासून नदीच्या गार वाऱ्यात बसून. म्हणून साहित्याचे पैसे आदल्या दिवशी वेगळे देऊन टाकावेत. मग दक्षिणा कितीही लहान असली तरी ती सगळी दक्षिणाच असते.

दुसरी गोष्ट दानाची. दशक्रियेला छत्री, चपला, काठी, तांब्या, अंथरूण देतात. गेलेल्याला वाटेत ऊन-पाऊस लागू नये, ही त्यामागची भावना. बाजारात आता याचा तयार सेट मिळतो. त्यातली छत्री उघडली की तिच्या काड्या हातात येतात, चप्पल घाट चढेपर्यंत टिकत नाही. गुरुजींच्या घरी असल्या छत्र्यांचा ढीग पडलेला मी पाहिलाय. मी भाच्याला सांगितलं, छत्री दुकानातच उघडून बघ, चप्पल गुरुजींच्या मापाची घे. नाहीतर देऊच नको. त्यानं सेट सोडला, एक चांगली छत्री आणि एक घोंगडी घेतली.

दहाव्या दिवशी कावळा शिवला, प्रवचन झालं. भाच्यानं दर्भ-तीळ घेऊन पाणी सोडलं आणि आईच्या पैशातले पाचशे एक गुरुजींच्या हातावर ठेवले. वरचा एक रुपया अक्कानं मुद्दाम सुटा दिला होता. रक्कम शून्यावर संपू नये, देणं पुढं चालू राहावं, अशी आपल्याकडची समजूत. भाच्याच्या मित्रानं विचारलं, "फोनवरून टाकले तर चालत न्हाई का?" गुरुजी म्हणाले, "टाका की. पण पाणी सोडताना हातात एक नाणं तरी असू द्या. फोनवर पाणी कसं सोडणार?" गुरुजींनी पैसे न मोजता कनवटीला लावले. घोंगडी मात्र लगेच अंगावर घेतली.

प्रवचनकार महाराजांना नारळ आणि पाकीट दिलं. मृदंग वाजवणाऱ्या पोराला आणि टाळकऱ्यांना लोक विसरतात. वारकऱ्यांत कीर्तनाचा सौदा करणं वाईट समजतात, म्हणून महाराज तोंडानं मागत नाहीत. पण मृदंगवाल्याची मजुरी त्या दिवशी बुडालेली असते. त्यालाही वेगळं द्यावं, आणि दोन्ही हातांनी द्यावं.

भावकीत चार दिवस कुजबुज झाली, पाचशेच दिले म्हणून. अक्काला ते कळलं. ती म्हणाली, "ज्यांना दिले ते काय बोलले का?" ते काही बोलले नव्हते. वर्षश्राद्धाला तेच गुरुजी आले, येताना तीच घोंगडी पांघरून. तोवर अक्काच्या दोन म्हशी व्याल्या होत्या. तिनं या वेळी हजार एक दिले, आणि डब्यात घरचं तूप.