पंगत आणि पाळणा

कोणी फार शहाणपणा करायला लागला की आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, "तुझ्या बारशाला जेवलोय मी." आता बोलायला ते ठीक आहे. पण बारशाला सगळा गाव जेवायचा हे काही खरं नाही. मी लहानपणापासून बघितलेलं बारसं दोन भागांचं असायचं. दुपारी नातेवाइकांची पंगत, आणि संध्याकाळी बायकांचा पाळणा. पाळण्याला आलेल्या बाईला हळदकुंकू, ओंजळभर घुगऱ्या आणि सुंठवडा मिळायचा. ती जेवायला म्हणून यायचीच नाही. गरिबाघरचं बारसं पार पडायचं ते या दोन भागांमुळेच.

गेल्या फाल्गुनात माझ्या नातीचं बारसं झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारशाचा खर्चही माहेरचा. पोर पौषातल्या थंडीत झाली होती, त्यामुळे बाराव्या दिवसाचा आग्रह कोणी धरला नाही. सव्वा महिना होऊ दिला आणि रविवार धरला. आमचं गाव शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या अंगाला, लेकीचं सासर मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढं. जावयांचं म्हणणं, "मामा, हॉल घेऊ. घरी कशाला दगदग?" मी चौकशी केली. अडीचशे रुपये ताट. एकशेवीस माणसं धरली तर नुसत्या ताटांचे तीस हजार. भात विकून आलेल्या पैशातून बियाणं, खत आणि लावणीची मजुरी बाजूला काढल्यावर माझ्याकडं बारशाला म्हणून उरत होते तेच तीस हजार. त्याच्या पुढं गेलो असतो तर आषाढात मजुरांपुढं हात जोडायची पाळी आली असती.

म्हणून वही घेतली. पहिल्या पानावर पैसे लिहिलेच नाहीत, माणसं लिहिली. आमच्याकडं आमंत्रण दोन तऱ्हेचं असतं. चूलबंद म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आपल्याकडं यायचं. दुसरं घरटी एक. खर्च फुगतो तो या दोघांची सरमिसळ झाली की. सांगणारा पोरगा दारात उभा राहून "या हां सगळे" म्हणून जातो, आणि एका घरामागं पाच ताटं वाढतात. मी भावकीची बारा घरं चूलबंद धरली, त्यांची साठ माणसं. सासरकडची तीस, डोंबिवलीकडच्या सहा घरांची वीस आणि राबणारी दहा. झाली एकशेवीस. गावातली बाकी पंचेचाळीस घरं पाळण्याला, घरटी एक बाई. ते आमंत्रण द्यायला पोराला न पाठवता हिलाच पाठवलं. ही प्रत्येक दारी स्पष्ट म्हणाली, "संध्याकाळी पाळण्याला या." कोणाला राग आला नाही. रीत माहीत असलेल्या माणसाला राग येत नाही.

जेवणात वरण-भात, वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, पुरी, शिरा, पापड आणि लोणचं. तांदूळ आणि वाल घरचे, पण वहीत त्यांनाही बाजारभाव लावला. घरचं म्हणून फुकट धरलं की हिशेब खोटा होतो, तोच तांदूळ विकला असता तर पैसे आलेच असते ना. तांदूळ माणशी आठवा हिस्सा किलो धरून चालतो. पुरी सोबत होती म्हणून चौदा किलो काढला. सात किलो वाल पुरतात. भात मात्र एकदम शिजवू नये. आम्ही पहिल्या टोपात नऊ किलो टाकला आणि पाच किलो धुवायच्या आधी तसाच बाजूला ठेवला. दुसरी पंगत बसल्यावर माणसं मोजली आणि त्यातला तीनच किलो चढवला. उरलेला कोरडा तांदूळ कणगीत परत जातो, शिजलेला गुरांपुढं. संध्याकाळच्या घुगऱ्यांना चार किलो हरभरे आदल्या रात्री भिजत घातले. शिजून ते दुपटीच्या वर होतात. किराणा, घरचं धान्य, गॅस आणि पत्रावळी मिळून साडेआठ हजार झाले.

कपड्यांचं पान सगळ्यात अवघड. तिथं खर्च पैशानं वाढत नाही, मानानं वाढतो. एका जावेला साडी दिली की दुसरीला द्यावी लागते, मग तिसरी कोपऱ्यात तोंड फिरवून बसते. आम्ही ठरवलं, त्या दिवशी ज्याच्या हाताला काम त्यालाच कपडा. पोरीची आई, नाव ठेवणारी आत्या, विहीणबाई, व्याही आणि जावई. त्यात मी एक नाव आपल्या मनानं घातलं, घरच्या आजीचं. बाळाला जरीचा फ्रॉक घ्यायचा लेकीच्या मनात होता. हिनं तो हातात घेऊन आतली बाजू दाखवली. जर टोचते, आणि सव्वा महिन्याचं पोर रडण्यापलीकडं सांगणार काय? मग मऊ सुती झबली, टोपडं, कुंची आणि दुपटं घेतलं. नव्या कापडाची खळ जावी म्हणून दोनदा धुऊन उन्हात वाळवलं. एकूण साडेनऊ हजार.

पाळणा भावकीतून आणला, वरवंटा घरचाच. नारळ, खण, सुपारी, खारीक, हळकुंडं, विड्याची पानं, करदोटा, मनगट्या आणि पाळण्याची फुलं यांना अडीच हजार लागले. मांडव, खुर्च्या आणि मोठी भांडी यांचं भाडं चार हजार.

राहिली परतभेट. ती माणसामागं देऊ नये, घरामागं द्यावी. भावकीची बारा आणि गावातली पंचेचाळीस मिळून सत्तावन्न घरं, तीन वरकड, अशा साठ स्टीलच्या वाट्या घेतल्या. डोंबिवलीकरांना वाटी दिली तर ती माळ्यावर पडते. त्यांना घरचा तांदूळ दिला, किलो-किलोच्या कापडी पिशव्या शिवून. हाच तांदूळ गावात वाटला असता तर लोक हसले असते. अडीच हजारांत भागलं. बेरीज सत्तावीस हजार, आणि तीन हजार हाताशी ठेवलेले.

आलेला आहेर मी जमेला धरला नाही. आहेर ही उसनवारी असते, ती वेगळ्या वहीत नावानिशी लिहायची आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढी फेडायची. आहेर येईल त्यातून मांडववाल्याला देऊ, असं म्हणणारा माणूस दोघांचाही देणेकरी होतो.

बारशाच्या रात्री मी हिला हिशेब वाचून दाखवला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, यात बिरडं कुठाय?"

म्हटलं, "वाल सात किलो, लिहिलेत की."

"वाल लिहिलेत. सोलले कोणी?"

वाल गुरुवारी रात्री भिजवले, शुक्रवारी फडक्यात बांधले, मोड यायला शनिवार उजाडला. संध्याकाळी कोमट पाण्यात टाकून अकरा बायका ओसरीवर बसल्या आणि एकेक दाणा सोलून काढला. तीन तास. हॉलच्या आणि घरच्या ताटात जो फरक पडला, त्यातला मोठा वाटा या बायकांच्या बोटांचा होता.

मी वही उघडली आणि आहेराच्या यादीखाली अकरा नावं लिहिली. पुढं रक्कम नाही, नुसतं 'सावड' लिहिलं. त्यातल्या एकीच्या सुनेला वैशाखात दिवस भरतायत. ही आताच म्हणून ठेवलीय, त्यांचे वाल सोलायला मी आदल्या दिवशीच जाणार.