सावित्रीकाठची वटपौर्णिमा

वटपौर्णिमा शेताच्या कामात येते. 2023 साली ती 3 जूनला होती, तेव्हा पाऊस यायचा होता. 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे ती 29 जूनला, म्हणजे भातलावणीच्या तोंडावर. महाडजवळच्या बिरवाडीच्या आसपासच्या वाड्यांतल्या बाया सकाळी वडाला सुताचे सात फेरे घालतात आणि तशाच उपाशी शेतावर जातात. वाणात फणसाचे गरे, आंबा, जांभळं, करवंदं, केळं. रानात त्या वेळी जे पिकतं तेच देवाला. जूनअखेरीस मात्र करवंदं शोधावी लागतात.

*

ज्याच्यासाठी उपास, तो कित्येकदा घरात नसतोच. महाड-पोलादपूरची कित्येक घरं मुंबईच्या पगारावर चालली. नवरा गिरणीत, बायको गावी, भेट व्हायची ती गणपतीत नि शिमग्याला. डोळ्याआड असलेल्या माणसाच्या जिवाची काळजी रोज वाहायची तरी कशी? वर्षातून एक दिवस ती वडाला बांधून टाकायची. हे व्रत मला तिथून कळतं, पोथीतून नाही.

*

पोथीबद्दलही दोन शब्द. वनपर्वात नारद सत्यवानाचं आयुष्य एकच वर्ष उरल्याचं सांगतो. सावित्री शेवटच्या तीन रात्री उपास करते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. ठरल्या दिवशी ती घरात जप करत बसत नाही, सासऱ्यांची परवानगी घेऊन नवऱ्याबरोबर रानात जाते. मग यमाशी बोलणी. आधी सासऱ्यांची दृष्टी मागते, मग त्यांचं राज्य, मग वडिलांना पुत्र. स्वतःला शंभर पुत्र मागते, आणि यमाने ‘तथास्तु’ म्हटल्यावर त्याला विचारते, नवऱ्यावाचून ते होणार कसे? उपास ही तयारी होती. जीव वाचला तो सोबत गेल्यामुळे आणि नेमकं मागितल्यामुळे.

*

नव्या सुना हे नेमकं मागणं उचलतात. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या नवऱ्याला एकीने बजावलं, “मी उपास धरते, तुम्ही हेल्मेट धरा. नाहीतर मी फेरे घालायची नाही.” सासूबाई म्हणाल्या, “असल्या अटी घालतात का गो देवाला?” सून म्हणाली, “देवाला नाही आई, यांना.” दुसऱ्या एका घरात अट रासायनिक कारखान्यातल्या मास्कची होती. तिसऱ्या घरात दोघांनी उपास केला. दुपारी तीनला नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा बायको भाताची रोपं काढत होती. तेवढं त्याला एकदा कळलं ते बरं झालं. सिंधुदुर्गात कुडाळला तर पुरुषच वडाला फेरे घालतात. हौस असो की कौतुक, त्यात उपास किती नि फोटो किती, एवढं पाहावं.

*

गरोदर बाईने, साखरेच्या गोळ्या घेणारीने निर्जळी करू नये. हे डॉक्टरांआधी सासूने सांगितलं तर लवकर पटतं.

*

इथल्या नदीचं नावही सावित्री. बिरवाडीची काळ नदी तिलाच मिळते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ तिच्यावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एस.ट्या वाहून गेल्या. त्यांतल्या प्रवाशांसाठीही कुणीतरी त्या ज्येष्ठात वड पुजला असेल. पूल वेळेवर तपासणं हे कुठल्याही व्रतात बसत नाही, पण आयुष्य वाढवतं ते तेच. नवा पूल 2017 च्या जूनमध्ये सुरू झाला.

*

महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेचे जुने वड गेले. आता बाजारात दहा-वीस रुपयांना डहाळी मिळते. पाटावर पुजायची, दुसऱ्या दिवशी नदीत. काही जोडपी तिच्याऐवजी वड लावतात, ते चांगलंच. पण पुजलेली कोवळी डहाळी मातीत खोचून झाड होत नाही, ती चार दिवसांत वाळते. मनगटाएवढा जाड, माणसाच्या उंचीचा फाटा हवा. पानं काढायची, दीड-दोन फूट खोल पुरायचा, भोवतीची माती घट्ट दाबायची आणि गुरांपासून राखायला काट्यांचं कुंपण घालायचं. पहिला पाऊस पडल्यावर लावला तर मुळं धरतो. घराच्या भिंतीपासून नि विहिरीपासून लांब लावा, मुळं दोन्ही फोडतात.

*

या सगळ्या बदलात एक बाई अजून वडापासून लांबच उभी असते, जिचा नवरा गेला ती. तिने उपास केला नव्हता असं नाही. कदाचित पुढच्या बाईपेक्षा जास्त वर्षं केला असेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना तसं आवाहन केलं. ठरावाने बांगड्या वाचतात. ओटी मात्र शेजारणीनेच भरावी लागते. नवरा-बायकोने मिळून उपास धरला, हे छान. त्या दिवशी वाण घेऊन पहिल्यांदा तिच्या दारात जा.