पगाराच्या ओळीआधी

2019 चा ऑगस्ट भोसरी-चाकणच्या पट्ट्यात काम करणारं कोणी विसरलेलं नाही. मंदी एका दिवसात आली नव्हती. आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये सरकारने ट्रकचा मान्य भार वाढवला, त्यामुळे तेवढ्याच मालाला कमी ट्रक पुरू लागले. सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस कोसळली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला. त्यात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू होणार, म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं. टाटा मोटर्सच्या पिंपरी कारखान्यात ब्लॉक क्लोजरचे दिवस लागले आणि आमच्यासारख्या सुटे भाग करणाऱ्यांच्या हातातली शेड्यूलं पंधरवड्यागणिक आकसू लागली. मी तेव्हा एका मध्यम कारखान्यात मशिनशॉप सांभाळत होतो. ट्रकच्या गिअरबॉक्समधले शाफ्ट हे आमचं मुख्य काम.

मुख्यालयाकडून आलेला मेल सगळीकडे येतो तसाच होता. भरती बंद, अधिकाऱ्यांची वेतनवाढ बंद, नवीन मशीन बंद, मोठ्या खरेदीला वरची सही. आणि शेवटच्या परिच्छेदात, जरा आडून, मनुष्यबळाचा आढावा घेऊन नावांची यादी पाठवा.

यादी मागणाऱ्याला यादी द्यायची नाही, रुपये विचारायचे. या कामात मला एवढंच खात्रीने सांगता येतं, बाकी सगळं त्यातून येतं. माणसं कमी करा म्हणणाऱ्याला खरं तर माणसं नको असतात असं नाही. त्याला महिन्याचा एक आकडा हवा असतो आणि तो सगळ्यात लवकर पगाराच्या ओळीत दिसतो. मी लेखा विभागात बसून आमच्या शंभर रुपयांच्या विक्रीची फोड करून घेतली. चांगल्या दिवसांत त्यातले 58 रुपये पोलाद आणि फोर्जिंगचे, 13 पगाराचे, 7 बाहेर दिलेल्या जॉबवर्कचे, 6 विजेचे, 5 टूल आणि कूलंटचे. उरलेले व्याज, घसारा, वाहतूक. विक्री तीस टक्क्यांनी उतरली की माल आणि जॉबवर्क बरोबरीने उतरतात, पगार मात्र जागचा हलत नाही. म्हणून तेच 13 रुपये साडेअठरा दिसायला लागतात आणि मुख्यालयाचा डोळा तिथेच जातो.

पण पुढचा हिशेब करून बघा. दहातला एक माणूस काढला तर शंभरातले 1.9 रुपये वाचतात, तेही लगेच नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कायम कामगाराला महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागे. कारखाना मोठा असेल तर आधी सरकारची परवानगी. म्हणजे पंधरा वर्षं झालेल्या माणसाला काढून पहिले सात-आठ महिने काहीच वाचत नाही. उलट बाहेर जाणाऱ्या जॉबवर्कमधलं एक तृतीयांश आत आणलं तर 2.3 रुपये वाचतात, कारण ते करायला लागणारे हात तसेही रिकामे उभे आहेत आणि त्यांचा पगार आपण देतोच आहोत. या दोन ओळी एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून मी वर पाठवल्या. यादीऐवजी आकड्याची मुदत मिळाली, 31 मार्चपर्यंत.

बाहेर काय काय जातं याची यादी काढली तेव्हा भर टाकत गेलो तसे आम्हीच चकित झालो. शाफ्टच्या दातांवरची बर काढणं, पॅकिंगचे लाकडी खोके दुरुस्त करणं, कार्बाइड ड्रिलला पुन्हा धार लावणं, फिक्श्चरची किरकोळ दुरुस्ती. चलतीच्या काळात हे बाहेर देणं शहाणपणाचंच असतं. मशीन चालवणाऱ्याने खोके कशाला ठोकायचे? पण शेड्यूल निम्म्यावर आलं की तोच प्रश्न उलटा विचारावा लागतो. सगळं मात्र आत येत नाही. ड्रिलची धार आमच्या टूलरूमच्या ग्राइंडरवर नीट बसेना. भोक मोठं पडू लागलं आणि पहिल्याच खेपेत तपासणीने माल अडवला. ते काम परत बाहेर गेलं. शिवाय जॉबवर्क करणारा लहान शेडवाला हाही कोणाचा तरी मालक आणि चार जणांचा पोशिंदा असतो. आम्ही त्याला दोन महिने आधी सांगून, टप्प्याटप्प्याने काम काढलं. आपली माणसं वाचवताना दुसऱ्याची गेली, हे नाकारता येत नाही.

ओव्हरटाइमचं प्रकरण जास्त नाजूक. बाहेरच्याला वाटतं मंदीत ओटी आपोआप संपत असेल. तसं होत नाही. लेथवर माणसं बसून असतात आणि ग्राइंडिंगवर तेवढ्याच वेळी ओटी चालू असतो, कारण ग्राइंडिंग येणारे मोजकेच. कायद्याने ओटीचा दर दुप्पट, म्हणून दोन तासांच्या ओटीला चार तासांचा पगार. आठ जणांनी रोज दोन तास थांबायचं म्हणजे चार माणसांचा रोज जातो. उपाय सोपा दिसतो, लेथवाल्यांना ग्राइंडिंग शिकवा. पण शिकवणार कोण? ज्याचा ओटी जाणार तोच.

ग्राइंडिंगवर आमचे एक जुने कामगार आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी मला सरळ विचारलं, "साहेब, मी शिकवतो. पण ओटी गेला की घराचा हप्ता कुठनं भरू?" याला भाषण हे उत्तर नसतं. ओटी एकदम बंद करायचा नाही, सहा महिन्यांत उतरवत न्यायचा आणि महिन्याच्या सुरुवातीलाच सांगायचं की या महिन्यात इतकाच, म्हणजे माणूस घरी गणित मांडू शकतो, असं आम्ही युनियनशी बोलून ठरवलं. जो दोघांना तयार करेल त्याला शिकवण्याचा भत्ता, मुख्यालयाच्या मंजुरीत बसेल एवढाच. मामांचं नुकसान त्याने पूर्ण भरून निघालं नाही. मात्र पुढचा महिना कसा जाणार हे त्यांना आधी कळत होतं, आणि माझ्या अनुभवात माणसं पैसे कमी होण्यापेक्षा अचानक कमी होण्याने जास्त खचतात.

रिकाम्या हातांना खोटं काम दिलेलं त्यांना लगेच कळतं. शेड तिसऱ्यांदा झाडायला लावलं की टपरीवर चर्चा सुरू, की आता आपला नंबर. म्हणून काम खरं हवं आणि त्याचा आकडा दिसायला हवा. आम्हाला ते हवेच्या गळतीत सापडलं. गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. हवा कोणी वापरतच नाही, तर एकदा दाब भरल्यावर तो लोड व्हायला नको. तरी होतो. लोडचे सेकंद आणि अनलोडचे सेकंद घड्याळ लावून मोजायचे. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागलं की गळतीचं प्रमाण मिळतं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आमचं तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ होतं. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक साधारण तीन किलोवॉट खातं, चोवीस तास. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन पोरांनी प्रत्येक जोड तपासला, गळक्या जागेला लाल पट्टी बांधली. टिपांचंही तसंच. चार टोकांची टिप दोन टोकं वापरून भंगारात जात होती. वापरलेल्या टोकाला मार्करने ठिपका द्यायचा नियम केला आणि भंगाराच्या डब्यातली प्रत्येक टिप शिफ्टच्या शेवटी कोणीतरी उलटून बघू लागलं.

नोकरकपात केली नाही असं म्हणताना बहुतेक कारखाने एक पळवाट ठेवतात, मलाही ती दाखवली गेली. कंत्राटदाराला फोन करायचा, उद्यापासून इतके कमी पाठव. कोणाला काढलं नाही, हजेरीपटावर नाव नव्हतंच. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात 2019 चा पहिला तडाखा अशाच लोकांनी खाल्ला. आमच्याकडचे कंत्राटी कामगार पाच-पाच वर्षं त्याच मशीनवर होते. त्यांना वगळून मी वर पाठवलेल्या कागदावर सही केली असती तर शॉपमधल्या प्रत्येकाने तिचा अर्थ बरोबर लावला असता. त्यांची हजेरी आम्ही कमी केली, सहाऐवजी पाच दिवस, आळीपाळीने, पण नावं कायम ठेवली. हे अर्धंच वाचवणं आहे. रोजावर जगणाऱ्या माणसाला सहावा दिवस लागतोच.

अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डने 1970 च्या मंदीत माणसं काढण्याऐवजी वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे तास आणि पगार दहा टक्के कमी केले, एक शुक्रवार सोडून एक सुट्टी. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालत नाही. कामगारांचा पगार त्रैवार्षिक कराराने बांधलेला, आणि सेवाशर्ती बदलायच्या तर 21 दिवसांची नोटीस आणि मग वाद. पण त्यातलं वरपासून हे घेण्यासारखं होतं. पहिली कात्री आम्हा अधिकाऱ्यांच्या पेट्रोल भत्त्यावर आणि हॉटेलातल्या बैठकांवर चालली, आणि ती कुठे चालली हे फलकावर लिहिलं. कॅन्टीनच्या चहाला हात लावला नाही. बोनस आणि दिवाळीचा मिठाईचा पुडाही तसाच ठेवला. पुड्याचा खर्च नगण्य. तो न मिळाल्याची गोष्ट मात्र घरोघर पोचते, बायका-पोरांपर्यंत, आणि मग कोणी कितीही समजावलं तरी कारखाना बुडतोय हेच खरं ठरतं.

तोच फलक दर सोमवारी शिफ्ट बदलताना भरायचा, पाच ओळी: पुढच्या महिन्याचं शेड्यूल, रिजेक्शन, ओटीचे तास, वीज, आणि मुख्यालयाला कबूल केलेल्या आकड्यातलं किती झालं. वाईट आठवडा असला तरी भरायचा. आश्वासन तारखेसह दिलं होतं, 31 मार्चपर्यंत कोणी जाणार नाही. त्यापुढचं मला माहीत नाही. कोणी विचारलं, "कायमचं सांगा ना साहेब," तर तेच पुन्हा. कायमचं सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवला तर पुढे ते जास्त महागात पडतं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. गळती एकदाच बुजते, टिपेची चार टोकं पाच होत नाहीत. दुसऱ्या वर्षी हाच आकडा पुन्हा मागितला तर देण्यासारखं फार उरत नाही. वेतनवाढ गोठली की जाणारे जातात, आणि जातात ते नेमके ज्यांना बाहेर मागणी असते. आमचा प्रोग्रॅमिंग करणारा उत्तम मुलगा जानेवारीत चाकणला गेला. त्याला थांब म्हणण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. आणि सगळ्यात फसवी बचत देखभालीची. स्पिंडलचं बेअरिंग पुढे ढकललं की महिन्याच्या तक्त्यात ती बचत दिसते, पण ते कर्जच असतं. त्याची खूण आधी पृष्ठभागाच्या फिनिशमध्ये दिसते, मग हाताला उष्णता लागते, आवाज शेवटी येतो. दोन मशीनच्या बेअरिंगसाठी मी मोठ्या खरेदीची सही मागितली, तीनदा परत आली, चौथ्यांदा रिजेक्शनचा तक्ता जोडून पाठवली तेव्हा मिळाली.

मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा कबूल केलेला आकडा जवळपास भरला होता आणि हजेरीपटावरचं एकही नाव आम्ही खोडलं नव्हतं. 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. फलक त्या सोमवारी, 23 तारखेला भरलेला तसाच राहिला, आणि पुढच्या तारखेचं आश्वासन काय द्यायचं यावर युनियनच्या अध्यक्षांशी माझं बोलणं फोनवर सुरू झालं.