दादरा

पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरी लोणच्याच्या बरणीला चिनी मातीचं झाकण होतं, पण लोणचं टिकवायचं काम त्या झाकणाचं नव्हतं. ते नुसतं वर टेकलेलं असायचं. त्याच्याखाली जुन्या धोतराच्या कापडाचा दादरा, सुतळीने गळ्याशी आवळलेला. कापडातून हवा जाते हे आजीला काय ठाऊक नव्हतं? तरी ते लोणचं पुढच्या वर्षीच्या कैऱ्या येईपर्यंत टिकायचं. बरणीचं खरं कुलूप आत असायचं. मीठ, कैरीचा आंबटपणा आणि सगळ्यावर तेलाचा थर.

आईचं प्रमाण किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ असं होतं. कैरी बाठ धरलेली हवी. कोवळ्या कैरीच्या फोडी चार महिन्यांत मऊ पडतात, मग मीठ कितीही असो. फोडी पुसून, मीठ-हळद चोळून ठेवल्या की त्यांना पाणी सुटतं, आणि ते खारं-आंबट पाणीच पुढे फोडीचं रक्षण करतं. त्यावर कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं तेल. बरणी आधी उन्हात तापवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर पालथी घालायची.

घालण्याइतकंच महत्त्वाचं काम आठवड्याने यायचं. फोडी तेल पितात. वर बोटाच्या पेराएवढा थर ठेवलेला असला तरी तो खाली जातो आणि फोडींची टोकं उघडी पडतात. आई कोरड्या लाकडी डावाने फोडी दाबायची आणि वर आणखी गार तेल ओतायची. बाजारात विकायच्या तेलातल्या लोणच्यावर किमान अर्धा सेंटिमीटर तेल उभं असावं असं अन्नमानकांत आहे, आजीचं पेर त्याहून उदार होतं. तेल बुरशीला मारत नाही, ते फक्त हवा अडवतं. बुरशीला हवा लागतेच, म्हणून ती तेलाखाली सहसा दिसत नाही, वर डोकावणाऱ्या फोडीवर दिसते.

हे मला नीट कळलं ते लग्नानंतर, राजूरला. अकोले तालुका आमच्याच जिल्ह्यातला, पण पारनेरहून तिथे गेलं की पाऊसच वेगळा. इकडे आभाळ येतं आणि बऱ्याचदा तसंच निघून जातं. तिकडे, घाटाच्या बाजूला, आषाढ लागला की दिवसचे दिवस कपडे वाळत नाहीत. त्या वर्षी आईने एकाच घाण्याचं लोणचं दोन बरण्यांत भरलं, एक तिच्याकडे ठेवली, दुसरी मला दिली. हात तोच, मीठ तेच, कैऱ्या एकाच झाडाच्या. श्रावणात माझी बरणी उघडली तर दादरा हाताला ओलसर लागला. काठावर आतून पांढरं धरलं होतं आणि मधल्या दोन फोडींवर हिरवट-करडी लव होती. आईची बरणी दिवाळीत पाहिली, ती जशीच्या तशी.

काठावरचं पांढरं मी बोटांत चोळलं. ते खरखरलं आणि पाण्यात विरघळलं, म्हणजे मीठ. त्याला घाबरायचं कारण नाही. दुसरंही एक पांढरं असतं, खाऱ्या पाण्यावर सुरकुतलेल्या सायीसारखं पसरणारं. ते एक प्रकारचं यीस्ट, मीठ कमी पडल्याची खूण. पण फोडीवरची लव बोटाने पुसली जात होती, आणि वास बंद खोलीसारखा. ती बुरशी होती.

दोन बरण्यांत फरक का पडला? हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. राजूरच्या पावसाळ्यात हवा त्याच्या बरीच वर असते. दादऱ्यातून आलेला दमटपणा उघड्या फोडीवरच्या मिठाने ओढून घेतला, तिथलं मीठ पातळ झालं, आणि तेवढ्याच जागी बुरशीला थारा मिळाला. पारनेरच्या कोरड्या हवेत जे कापड बरणीतली वाफ बाहेर सोडायचं, तेच इथे ओल आत आणत होतं. शेजारच्या आजीबाईंनी बरणी पाहून सांगितलं, “हितं दादरा नाय चालत पोरी. घट्ट बूच लाव, अन् पाऊस उतरंस्तवर चुलीवरच्या फळीला ठिव.” पुढच्या वर्षापासून तसंच केलं, तेलही जास्त घातलं.

त्या बरणीचं काय करायचं यावर आईचं आणि माझं पटलं नाही. वरचा थर काढ आणि खालचं खा, असं तिचं म्हणणं, तिच्या आईपासून चालत आलेलं. मी टाकलं. बुरशी नुसती वर बसत नाही, ती आंबट खाते. जिथे ती वाढते तिथला आंबटपणा उतरतो, आणि ज्या जंतूंना कैरीने दाराबाहेर ठेवलं होतं त्यांना वाट मिळते. मला अजूनही तेच बरोबर वाटतं.

नगरला राहायला आल्यावर साखरांबा मी काचेच्या बाटल्यांत, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणांत भरू लागले. इथे झाकण खरंच काम करतं. उकळता साखरांबा गरम बाटलीत काठाच्या थोडा खाली भरून झाकण लावलं, की गार होताना आतली वाफ आटते आणि झाकणाचा मध्य आत ओढला जातो. दुसऱ्या दिवशी मी मध्यावर बोट दाबते. हललं नाही तर पकडलं. टक् करून खाली-वर झालं तर ती बाटली फ्रिजमध्ये, आधी खायची. महिन्यांनी मध्य फुगलेला दिसला, किंवा उघडताना फसकन वारा येऊन बुडबुडे वर आले, तर आत आंबायला लागलंय. ते चाखून पाहायचं नाही.

पण झाकण पकडलं म्हणजे हवा आत गेली नाही, एवढंच. पाक कच्चा राहिला असेल तर ते झाकण सांगत नाही. साखरांबा टिकायला त्यात साखरेचा अंश पासष्ट टक्क्यांच्या आसपास लागतो. पुस्तकांत यासाठी एकशे पाच अंश लिहिलेलं असतं, पण ते समुद्रकाठचं माप. नगर साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणीच अठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळतं. म्हणून पाण्याच्या उकळीपेक्षा साडेचार-पाच अंश वर, म्हणजे एकशे तीनच्या आतच, मी गॅस बंद करते. एकशे पाचपर्यंत नेलं तर महिन्याभरात बाटलीत साखरेचे खडे धरतात. खड्यांनी काही बिघडत नाही, बाटली गरम पाण्यात ठेवली की ते विरघळतात. गुळांबा मात्र ओल लवकर ओढतो, तो मी छोट्या बाटल्यांतच भरते.

ही सगळी पारख, डोळ्यांची, बोटाची, नाकाची, चालते ती कैरी आंबट आहे म्हणून. कच्च्या कैरीचा आंबटपणा इतका तीव्र असतो की बोट्युलिझमचा जंतू त्यात वाढूच शकत नाही. ओल्या लसणाचा ठेचा तेलात बुडवून बाटली बंद केली, तर तिथे आंबट नाही, हवा नाही, मीठही बेताचं, आणि त्या जंतूला नेमकं हेच हवं असतं. त्याचं विष तयार झालं तरी वास बदलेलच असं नाही, झाकण फुगेलच असं नाही. माझ्या बोटाला आणि नाकाला तिथे काही कळणार नाही. म्हणून तेलातला लसूण आमच्याकडे बरणीत जात नाही. चार दिवसांपुरताच होतो आणि फ्रिजमध्ये राहतो. सुनेलाही मी हेच सांगितलं आहे.